माउस बदलला, बोटांची कामे बदलली का?

मनगट दुखू लागले म्हणून घरातल्या मुलांनी नवा माउस आणून द्यावा आणि दोन महिन्यांनी तोच दुखरा हात घेऊन ती व्यक्ती दवाखान्यात यावी, असे अलीकडे वरचेवर घडते. येणाऱ्यांत नोकरी करणारे तरुण असतातच. पण निवृत्तीनंतर सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे हिशेब सांभाळणारे ज्येष्ठ असतात आणि आजारी माणसाची शुश्रूषा करता करता घरूनच सहा-सात तास संगणकावर काम करणाऱ्या गृहिणीही असतात. नवा माउस उभ्या ठेवणीचा असतो किंवा चेंडू फिरवायचा ट्रॅकबॉल असतो. पैसेही बरेच मोजलेले असतात. मग दुखणे का थांबत नाही? बहुतेक वेळा उत्तर असे निघते, की माउसचा आकार बदलला, पण कोणत्या बोटाने किती वेळा काय करायचे ही वाटणी जुनीच राहिली. ही वाटणी, म्हणजेच बटणांना नेमून दिलेली कामे, हा या लेखाचा विषय आहे.

ताण नेमका कोठे पडतो, हे आधी पाहू. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांचा आणि एका जाड पडद्याचा मिळून एक अरुंद बोगदा तयार झालेला असतो. त्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, जातात आणि त्यांच्याच सोबत मीडियन नावाचा मज्जातंतूही जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना या मज्जातंतूकडे असते. बोगद्यात दाब वाढला की प्रथम कुरकुर करतो तो हाच. नेहमीचा माउस धरताना तळवा जमिनीकडे वळलेला असतो, मनगट किंचित वर उचललेले आणि करंगळीच्या बाजूस झुकलेले असते. ही ठेवण त्रासदायक असते, हे खरे. परंतु ठेवण हा अर्धाच भाग झाला.

उरलेला अर्धा भाग म्हणजे दाबणे आणि ओढणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या मनगटाच्या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला होता. हात माउसवर नुसता ठेवलेला असतानापेक्षा माउस चालवताना, आणि त्यातही बटण दाबून धरून एखादी गोष्ट ओढताना, दाब पुष्कळ अधिक आढळला. पुढे २०१५ साली, ज्यांचा मज्जातंतू आधीच दबलेला आहे अशा रुग्णांवर उभ्या माउसचा परिणाम पाहण्यात आला. मनगटाची ठेवण बदलली, परंतु बोगद्यातला दाब कमी झाला नाही. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की दवाखान्यात दिसणाऱ्या चित्राचा उलगडा होतो. आकार ठेवण सुधारतो. बोटांचे दाबणे-ओढणे मात्र आपण स्वतः कमी केले, तरच कमी होते.

आता ही दोन साधने हाताकडून काय घेतात आणि हाताला काय देतात, तेही समजून घ्यावे. उभा माउस आपण हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा धरतो. त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचा पीळ सुटतो आणि हाताच्या वरच्या बाजूचे दुखणे अनेकांना कमी वाटते. मात्र येथे बटण खाली नव्हे, तर आडवे दाबले जाते. माउस बाजूला सरकू नये म्हणून अंगठ्याला पलीकडून टेकू द्यावा लागतो. म्हणजे तर्जनीच्या प्रत्येक दाबासोबत अंगठाही नकळत राबतो.

ट्रॅकबॉलमध्ये माउस जागेवरच राहतो आणि फक्त चेंडू फिरतो. हात सरकवावा लागत नाही, म्हणून खांदा व मनगट यांना विसावा मिळतो. ज्यांचा हात कापतो अशा ज्येष्ठांनाही हा बरा पडतो. कारण चेंडू सोडून बटण दाबले, तर पडद्यावरचा बाण हलत नाही. पण याचे दोन प्रकार आहेत. एकात चेंडू अंगठ्याने फिरवायचा असतो, तर दुसऱ्यात तो मधोमध असून बोटांनी फिरवायचा असतो. पहिल्या प्रकारात मनगटाचा भार उचलून अंगठ्यावर ठेवला जातो. वय वाढते तशी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज होते आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक असते. अशा व्यक्तीच्या हाती अंगठ्याचा ट्रॅकबॉल देणे म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे घेणे होय.

म्हणून बटणांना हात लावण्यापूर्वी आपले दुखणे कोणते, ते ओळखावे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना मुंग्या येत असतील, रात्री त्यामुळे जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर संशय मीडियन मज्जातंतूवर जातो. अशा व्यक्तीने तर्जनीचे दाबणे व ओढणे कमी करावे. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवल्यावर अंगठ्याच्या बाजूने मनगटाशी तीव्र कळ आली, तर अंगठ्याच्या कंडरांना सूज असण्याचा संभव असतो. बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर सांध्याच्या झिजेचा विचार करावा. या दोन्ही प्रकारांत अंगठ्याकडची कामे काढून घ्यावी लागतात. आणि मुंग्या केवळ करंगळीकडे असतील, तर दोष बहुधा कोपरात किंवा मानेत असतो. माउसची बटणे बदलून तेथे काही साधत नाही.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. चोपन्न वर्षांच्या एक बाई घरून तीन छोट्या दुकानांचे हिशेब लिहितात. पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषाही त्याच करतात. त्यांना कुशीवर वळवणे, उठवून बसवणे, ओले कपडे पिळणे हे सगळे त्याच उजव्या हाताने चालते. तो हात निकामी झाला, तर घरातील दोन माणसांचे अडणार, अशी स्थिती. मुलाने उभा माउस आणून दिला होता. हाताच्या वरच्या बाजूची ओढ थोडी कमी झाली. पण पहाटेच्या मुंग्या तशाच राहिल्या. "डॉक्टरसाहेब, माउस बदलला तरी हात काही बदलला नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, अर्धा तास काम करताना कोणते बोट काय करते, एवढेच मोजून आणा," मी त्यांना सांगितले. शेजारी कोणाला तरी बसवून कागदावर रेघा मारायच्या, इतकेच काम. आठ दिवसांनी त्यांनी कागद आणला. अर्ध्या तासात तर्जनीने सुमारे चारशे वेळा बटण दाबले होते. त्यातले जवळपास सव्वाशे दाब फाइली व फोल्डर उघडण्याच्या दुहेरी क्लिकचे होते. एक्सेलमध्ये रकाने निवडण्यासाठी चाळीस वेळा बटण दाबून ओढणे झाले होते. पान वरखाली करण्याचे चाकही तर्जनीच फिरवत होती. मध्यमेकडचे उजवे बटण जेमतेम पंधरा वेळा वापरले गेले होते. अंगठ्याजवळची दोन बटणे कशासाठी आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हते. आणि डावा हात मांडीवर स्वस्थ बसून होता.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा असतो. आधी अनावश्यक दाब रद्द करावेत, मग जमेल तेवढे काम दुसऱ्या हाताकडे द्यावे आणि शेवटी उरलेले काम बटणांत वाटावे. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतात आणि पहिल्या दोन पायऱ्यांचा लाभ गमावतात.

पहिली पायरी विंडोजमध्येच आहे. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. Start मध्ये File Explorer Options असे लिहून ती खिडकी उघडावी आणि General या भागात Single-click to open an item (point to select) हा पर्याय निवडावा. फाइल आता एकाच क्लिकने उघडते. बाईंचे दुहेरी क्लिकचे सव्वाशे दाब यामुळे निम्म्यावर आले.

दुसरी सोय बटण धरून ओढण्यासंबंधीची आहे. Control Panel मध्ये Mouse उघडून Buttons या पानावर Turn on ClickLock येथे खूण करावी. मग बटण क्षणभर दाबून धरून सोडले, तरी संगणक ते दाबलेलेच समजतो. बाण हवा तेथे न्यायचा आणि पुन्हा एकदा क्लिक करून सोडवायचे. ओढण्याच्या संपूर्ण वेळात बोट मोकळे राहते.

दुसऱ्या पायरीत डाव्या हाताला कामाला लावले. एक्सेलमध्ये ओढण्याऐवजी पहिल्या चौकटीवर क्लिक करायचे, डाव्या हाताने Shift दाबून धरायचे आणि शेवटच्या चौकटीवर क्लिक करायचे; मधल्या सर्व चौकटी निवडल्या जातात. नक्कल व चिकटवणे यांसाठी उजवे बटण आणि यादी यांच्या वाटेला न जाता डाव्या हाताने Ctrl+C आणि Ctrl+V वापरायचे. टॅली तर मुळातच कीबोर्डवर चालणारे सॉफ्टवेअर आहे. F5 ने पेमेंट, F6 ने रिसीट आणि Ctrl+A ने नोंद स्वीकारणे होते. बाई मात्र प्रत्येक ठिकाणी माउसने टिचकी मारत होत्या. पान खाली नेण्यासाठी Page Down ही कळ आली आणि चाकाचे काम बरेच घटले.

या दोन पायऱ्यांनंतर पुन्हा मोजले, तेव्हा तर्जनीचे दाब चारशेवरून दोनशेच्या आत आले होते. माउसच्या एकाही बटणाचे काम तोवर बदललेले नव्हते.

तिसरी पायरी बटणांच्या वाटपाची. त्यासाठी माउसच्या कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. लॉजिटेकच्या साधनांसाठी Logi Options+ आणि केन्सिंग्टनच्या साधनांसाठी KensingtonWorks ही त्यांची नावे. पडद्यावर माउसचे चित्र दिसते. बटणावर क्लिक केले की त्याला कोणते काम द्यायचे याची यादी उघडते. कीबोर्डवरची कोणतीही कळ बटणाला देता येते. बाईंच्या माउसमध्ये अंगठ्याजवळच्या पुढच्या बटणाला Enter दिले, कारण बँकेच्या व कराच्या संकेतस्थळांवर ठिकठिकाणी होकार द्यावा लागतो. मागच्या बटणाचे मागील पानावर जाण्याचे मूळ काम तसेच ठेवले. दोन्ही कामे मिळून अर्ध्या तासात दहा-पंधरा वेळाच लागतात. अंगठ्याला मुद्दामच इतके थोडे काम दिले; उभ्या माउसमध्ये तो टेकू देण्याचे काम आधीच करीत असतो आणि सासूबाईंना उचलताना त्याच अंगठ्यावर भार येतो.

तर्जनीचा उरलेला भार मध्यमेशी वाटून घेण्यासाठी दिवसाचे दोन भाग केले. सकाळी नेहमीप्रमाणे डावे बटण मुख्य. दुपारी Settings मध्ये Bluetooth & devices, तेथून Mouse आणि तेथे Primary mouse button हे Right करायचे; मग मुख्य क्लिक मध्यमेकडे जाते. पहिले चार दिवस चुका होतात, भलत्याच याद्या उघडतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून हात सरावतो. ज्यांना ही अदलाबदल गोंधळात टाकते, त्यांनी एक साधा, दोन्ही हातांना चालणारा माउस डाव्या बाजूला जोडावा. संगणक दोन्ही माउस एकाच वेळी स्वीकारतो. मात्र मुख्य बटणाचा पर्याय दोन्ही माउसना एकदमच लागू होतो, हे ध्यानात असावे.

बाईंना याच काळात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधण्यास सांगितले होते. रक्तातील साखर व थायरॉइड यांच्या तपासण्याही केल्या. कारण मधुमेहात आणि थायरॉइडच्या कमतरतेत हा मज्जातंतू लवकर दबतो. दोन्ही तपासण्या ठीक आल्या. सहा आठवड्यांनी रोजची पहाटेची जाग आठवड्यातून एक-दोनदा इतकी उरली. यातले किती श्रेय पट्ट्याचे आणि किती बटणांचे, हे सांगता येणार नाही. परंतु दुपारनंतर तर्जनी जड होणे व कोपराखाली ओढ लागणे ही दिवसाची तक्रार, पट्टा नसतानाच्या वेळातली, तीही जवळजवळ थांबली.

अंगठ्याचे दुखणे असलेल्यांसाठी वाटप याच्या उलट होते. सदुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांच्या अंगठ्याच्या मुळाशी झीज होती. त्यांना मधोमध चेंडू आणि चार कोपऱ्यांत चार बटणे असलेला ट्रॅकबॉल मिळाला होता. चेंडू बोटांनी फिरत होता, तरी अंगठा दुखतच होता. कारण साधे होते. उजव्या हाताने वापरताना डावीकडचे खालचे बटण अंगठ्याखाली येते आणि मूळ रचनेत मुख्य क्लिक तेथेच असते. चेंडूने अंगठ्याला सोडले होते, बटणाने सोडले नव्हते. मुख्य बटण Right केल्यावर क्लिक उजवीकडच्या खालच्या बटणावर, म्हणजे अनामिका व करंगळीखाली गेले. अंगठ्याकडे क्वचित लागणारे दुय्यम क्लिक राहिले. एवढ्याशा बदलाला पैसाही लागला नाही.

बदल करताना काही अडचणी ठरलेल्या येतात. ClickLock चालू असताना बोट बटणावर जरा रेंगाळले, तर नको तो मजकूर निवडला जातो किंवा फाइल बाणासोबत फिरू लागते. अशा वेळी घाबरू नये, एकदा क्लिक करावे. वारंवार असे होत असेल, तर तेथेच Settings मध्ये लागणारा वेळ वाढवावा. एका क्लिकने फाइल उघडण्याची सवय नसलेल्या घरच्यांना तो संगणक बिघडलेला वाटतो. म्हणून एकाच संगणकावर अनेकजण बसत असतील, तर आपले स्वतंत्र खाते असावे. बटणांची नवी कामे बहुधा माउसमध्ये नव्हे, तर त्या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली असतात. माउस दुसऱ्या संगणकाला जोडला की ती नाहीशी झालेली दिसतात. कार्यालयात सॉफ्टवेअर टाकण्यास परवानगी नसेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांवर आणि मुख्य बटणाच्या अदलाबदलीवरही बरेच भागते. आणि Delete किंवा पैसे पाठविण्याशी संबंधित कोणतेही काम सहज दाबल्या जाणाऱ्या बटणाला कधीही देऊ नये.

एका आठवड्यात एकच बदल करावा. सगळे एकदम बदलले, तर कशाने बरे वाटले आणि कशाने नवे दुखणे उपटले, हे कळत नाही. पूर्वी न दुखणारे बोट दोन-तीन दिवसांहून अधिक काळ दुखू लागले, तर त्याला दिलेले काम जास्त झाले असे समजावे आणि ते काढून घ्यावे.

या उपायांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, कप किंवा चमचा हातातून निसटू लागला, शर्टाची बटणे लावणे जड जाऊ लागले, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर मज्जातंतूला इजा होत आहे असे समजून लगेच डॉक्टरांना दाखवावे. तेव्हा मज्जातंतूची वहनक्षमता तपासावी लागते आणि काहींना छोट्या शस्त्रक्रियेची गरज पडते. माउसवर प्रयोग करण्यात महिने घालवले, तर गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, सोबत बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर तो मनगटाचा विकार नव्हे. क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

नवा माउस विकत घेण्याच्या विचारात असाल, तर तूर्त तो बेत आठ दिवस पुढे ढकला. आहे त्याच माउसवर अर्धा तास काम करा आणि शेजारी कोणाला तरी रेघा मारायला बसवा. सर्वाधिक रेघा ज्या बोटाच्या नावावर पडतील, ते बोट दुखऱ्या भागाशी जोडलेले आहे का, ते पाहा. कोणते साधन घ्यावे आणि त्याच्या कोणत्या बटणाला कोणते काम द्यावे, हे त्या कागदावरूनच ठरवावे.